साडेसत्तावन्न फूट, दोन वाक्यांत

अण्णांनी पान उघडलं, बाण खाली दाबत गेले आणि लॅपटॉपमधला यांत्रिक आवाज म्हणाला, "लिंक, ग्राफिक, chart-final-2." अण्णा थांबले. मागे गेले, पुन्हा तेच ऐकलं. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "फायनल दोन म्हणजे आधी फायनल एक पण होतं की काय रे?"

ते पान मी बनवलेलं होतं. सांगलीत कृष्णेकाठच्या गल्ल्यांसाठी आमची एक छोटी मंडळी दर मे-जूनमध्ये 'पुराच्या आधी' नावाचं एक पान ताजं करते. पाणी किती फुटांवर आलं की काय करायचं, सामान कुठं हलवायचं, गुरं कधी सोडायची, औषधं कशात गुंडाळायची, असं सगळं. माझा धंदा डीटीपी आणि वेबसाइटचा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. अण्णा आमच्याच गावभागातले. साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले आणि त्यानंतर काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. ते एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतात, आणि त्यातला आवाज इतका भरभर लावलेला असतो की माझ्या कानाला तो मुंग्यांच्या रांगेसारखा वाटतो. त्यांना ते स्पष्ट ऐकू येतं.

वरची शोभेची पट्टी सोडली तर पानावर दोन चित्रं होती. पहिलं म्हणजे बार चार्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कुठवर गेली, याचे तीन उभे खांब आणि त्यांना आडव्या छेदणाऱ्या दोन रेघा: ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी. दुसरा म्हणजे गल्लीतल्या एका वाड्याच्या भिंतीचा मी काढलेला फोटो. दोन्हींच्या पर्यायी मजकुराचा, म्हणजे चित्राऐवजी ऐकवल्या जाणाऱ्या ज्या मजकुराला सगळे आल्ट टेक्स्ट म्हणतात त्याचा, रकाना मी रिकामा सोडला होता.

पण दोन्ही रिकामे असूनही दोघांचा परिणाम वेगळा झाला. चार्टवर क्लिक केलं की मोठा चार्ट उघडावा म्हणून मी त्याला लिंक दिली होती. लिंकला काहीतरी नाव हवंच असतं. आत मजकूर नसला की स्क्रीन रीडर फाइलचं नाव उचलतो आणि तेच वाचतो, म्हणून अण्णांना 'फायनल दोन' ऐकू आलं. फोटोला लिंक नव्हती. आमचं पान ज्यावर बनवलंय ते वर्डप्रेस अशा चित्राला `alt=""` लावतं, आणि रिकामा आल्ट म्हणजे 'हे चित्र शोभेचं आहे, सोडून दे' अशी सूचना असते. अण्णांच्या यंत्रानं ती मुकाट्यानं पाळली. पान संपलं तेव्हा मी विचारलं, "फोटो कसा वाटला?" तर ते म्हणाले, "कुठला फोटो?" मला फाइलच्या नावापेक्षा हे जास्त वाईट वाटलं. नाव निदान कळवतं की इथं काहीतरी आहे. शांतता तेवढंही कळवत नाही.

लिंक मी लगेच काढून टाकली. फोनवर दोन बोटांनी चित्र मोठं करता येतं, त्यासाठी लिंकची गरजच नव्हती. खरं काम पुढंच होतं: रकान्यात लिहायचं काय?

पहिला मजकूर मी तिथंच बसून टंकला: 'पूरपातळीचा आलेख'. अण्णांनी ऐकला आणि म्हणाले, "बरं. मग?" बरोबरच होतं. ते डब्यावर 'डबा' लिहिल्यासारखं झालं होतं. आत काय आहे ते उघडून बघायला त्यांच्याकडे डोळे नव्हते, आणि मी झाकणही उघडत नव्हतो.

घरी येऊन मी दुसऱ्या टोकाला गेलो. आता काहीच सुटायला नको, या हट्टानं लिहिलं: 'या आलेखात आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर फुटांमधील पाण्याची पातळी दाखवलेली असून निळ्या रंगाचे तीन उभे स्तंभ आहेत, त्यांपैकी डावीकडील पहिला स्तंभ २००५ सालचा असून…' असं साठ-सत्तर शब्दांचं. पुढं पिवळी तुटक रेघ, लाल अखंड रेघ, उजव्या कोपऱ्यातली सूची, सगळं आलं. मला वाटलं, झालं एकदाचं चोख काम. दुसऱ्या दिवशी अण्णांनी 'निळ्या रंगाचे'पर्यंत ऐकलं आणि बाण दाबून पुढं निघून गेले. मी म्हटलं, "अण्णा, ऐका तरी, पुढं आकडे आहेत." ते म्हणाले, "तू खांब दाखवायलायस. मला पाणी पाहिजे."

त्या मजकुरातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. चूक माझ्या क्रमात होती. डोळस माणूस चार्टकडे बघतो तेव्हा अक्ष, रंग आणि सूची त्याला अर्ध्या क्षणात ओलांडता येतात आणि नजर थेट सर्वांत उंच खांबावर आणि त्याच्याखाली राहिलेल्या लाल रेघेवर जाते. ऐकणाऱ्याला काही ओलांडता येत नाही. जे आधी लिहिलं ते आधी ऐकावंच लागतं. कंटाळा आला की पुढच्या मुद्द्यावर उडी मारायची, एवढंच त्याच्या हातात असतं, आणि उडी मारली की मागं राहिलेलं सगळं वाया जातं.

यात आपल्या मराठीची एक खास अडचण आहे, ती मला त्या साठ शब्दांनी दाखवली. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नामाची विशेषणं सगळी नामाच्या आधी रांग लावतात. 'डाव्या बाजूला दरवाजाशेजारी हात वर करून उभ्या असलेल्या निळ्या लुगड्यातल्या मावशी' हे वाचताना डोळा थेट 'मावशी'वर उतरतो आणि मग मागं जाऊन बाकीचं जोडतो. ऐकताना मात्र मावशी येईपर्यंत दहा शब्द हवेतच धरून ठेवावे लागतात, आणि कोणासाठी धरलेत तेही ठाऊक नसतं. म्हणून मराठीत आल्ट लिहिताना मी आता लांब वाक्य मोडून आधी नाम आणतो: 'मावशी हात वर करून उभ्या.' क्रियापद कापलं तरी चालतं. बातमीच्या मथळ्याला आपण क्रियापद कुठं मागतो?

तिसऱ्या वेळी मी पार आखडतं घेतलं: 'तिन्ही पुरांत २०१९ चा पूर सर्वांत मोठा.' मला हे फार आवडलं होतं. थेट निष्कर्ष, एका श्वासात. अण्णा म्हणाले, "ते मला सांगतोस? २०१९ ला मी माळ्यावर बसून होतो, बोटीनं काढलं मला. मोठा होता हे ठाऊक आहे. किती?"

इथं मी अडखळलो आणि मग कोडं उलगडायला लागलं. चार्ट बघून माणूस काय घेऊन जातो, हे चार्टवर नव्हे, तो कुठं लावलाय त्यावर ठरतं. आमचा चार्ट 'सामान किती वर न्यायचं?' या मथळ्याखाली होता. तिथं वाचणाऱ्याला इतिहास नको असतो. धोका पातळी ४५ फूट आहे असं रेडिओवर ऐकून 'पाणी ४५ ला पोचलं' म्हणजे आता संपलं, असं ज्याला वाटतं, त्याला तो चार्ट सांगतो की नाही, ४५ च्या वर अजून बरंच पाणी चढू शकतं आणि तीनदा चढलेलं आहे. कितीनं चढलं, तेवढाच चार्टचा जीव. हाच चार्ट शाळेच्या इतिहासाच्या पानावर असता तर 'किती'पेक्षा 'कोणत्या वर्षी' जास्त महत्त्वाचं ठरलं असतं, आणि आल्ट वेगळा झाला असता.

मग मी वेगळ्या बाजूनं सुरुवात केली. चित्र पानावरून काढून टाकलं आणि त्या मोकळ्या जागी मला शब्दांत काय लिहावं लागलं असतं, ते कागदावर लिहिलं. मला लिहावं लागलं असतं: 'धोका पातळी म्हणजे शेवट नव्हे. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी तिच्याही वर सुमारे नऊ ते साडेबारा फूट चढलं.' बस. याला चार्टचा प्रकार आणि सर्वांत उंच आकडा जोडला आणि आल्ट तयार झाला:

```html
<img src="purpatali.png"
  alt="बार चार्ट: २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत
  पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीच्या वर सुमारे नऊ ते
  साडेबारा फूट चढले. सर्वांत जास्त २०१९ मध्ये,
  सुमारे साडेसत्तावन्न फूट. आकडे खालच्या तक्त्यात.">
```

हा मजकूर कोणी १२५ अक्षरांत बसवायला सांगेल. तो आकडा बऱ्याच ठिकाणी नियमासारखा फिरत असतो, पण अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी म्हणून ज्या जागतिक मार्गदर्शक सूचना आहेत, ज्यांना WCAG म्हणतात, त्यांत अशी कुठलीही मर्यादा नाही. त्यांचं म्हणणं इतकंच की चित्र जे काम करतं तेच काम मजकुरानं करावं. मी अक्षरं मोजत नाही, वाक्यं मोजतो, तक्त्याचा पत्ता सांगणारं सोडून. दोन वाक्यं झाली आणि तिसरं लागतंय असं वाटलं की समजायचं, ते तिसरं आल्टमधलं नाही, पानावरचं आहे.

म्हणूनच तो तक्ता. साडेसत्तावन्नच्या बाजूला २००५ चे सुमारे ५४ आणि २०२१ चे सुमारे ५५ फूटही आल्टमध्ये कोंबायचा मोह मला झाला होता. पण आल्ट ही एक सपाट ओळ असते. तीत मथळा नाही, रकाना नाही. चार आकडे आले की ऐकणाऱ्याला कुठला कोणत्या वर्षाचा ते मनात धरावं लागतं. तक्ता मात्र खरा तक्ता असला, म्हणजे त्याचं चित्र न टाकता `table` म्हणूनच केला असला, की एनव्हीडीएमध्ये `T` दाबून त्यावर उडी मारता येते आणि `Ctrl+Alt` सोबत बाण दाबून रकान्यारकान्यानं फिरता येतं. रकान्याला डोकं दिलेलं असेल तर यंत्र प्रत्येक वेळी 'पातळी, फूट' असं आधी सांगून मग आकडा वाचतं. अण्णांनी जन्मभर खातेवह्या सांभाळल्यात. त्यांना तक्ता दिला आणि मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्यावर खूश झाले. शेजारच्या काकूंनाही तो तक्ता कामाला आला. त्यांना चांगलं दिसतं, पण फोनवर चार्टवरची अक्षरं बारीक लागतात.

आकड्यांच्या लिहिण्यावरून एक गंमत झाली ती सांगायला हवी. आधी मी २०१९ ची पातळी `57'6"` अशी लिहिली होती, कारण आमच्याकडे सगळे फूट-इंच असेच लिहितात. अण्णांच्या यंत्रात चिन्हं वाचायची पातळी नेहमीचीच होती, आणि त्या पातळीला ती दोन्ही चिन्हं गिळली गेली. त्यांना ऐकू आलं 'सत्तावन्न सहा'. सत्तावन्न काय आणि सहा काय? शिवाय ते दुहेरी चिन्ह हातानं लिहिलेल्या कोडमध्ये आलं असतं तर आल्ट तिथंच बंद होऊन पुढचं सगळं कापलं गेलं असतं, कारण आल्टचा मजकूर स्वतःच दुहेरी अवतरणात असतो. वर्डप्रेसनं ते परस्पर सांभाळून घेतलं. नंतर मी ५७.५ लिहून पाहिलं. त्यावर अण्णा म्हणाले, "साडेसत्तावन्न लिही की. घरात बोलताना पॉइंट पाच म्हणतोस काय?" तेव्हापासून आमच्या पानावर सव्वा, दीड, पावणेदोन, साडे सगळे शब्दांत येतात.

आता फोटो. फोटोत वाड्याची दगडी भिंत आहे, तिच्यावर निळ्या ऑइलपेंटची आडवी रेघ आणि रेघेवर '२०१९' लिहिलेलं. रेघेखाली त्या घरच्या मावशी एक हात सरळ वर करून उभ्या आहेत आणि त्यांची बोटं रेघेला पोचत नाहीत, साधारण वीतभर अंतर राहतं.

आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोरानं, तो हौसेनं मदतीला येतो, त्याचा आल्ट लिहून पाठवला होता: 'पुराच्या आठवणीनं उदास झालेली वृद्ध महिला आपल्या उद्ध्वस्त घरासमोर.' वाचून मला हसू आलं. फोटो मी काढलाय. मावशी उदास नव्हत्या. उन्हामुळं डोळे बारीक झाले होते आणि त्या मला "आटप लवकर, दूध उतू जाईल" असं म्हणत होत्या. घरही उद्ध्वस्त नाही, छान रंगवलेलं आहे. पूर म्हटला की दुःख, आणि म्हातारी बाई म्हटली की उदास, अशी त्याच्या हातांना सवय होती, ती उतरली. चेहऱ्यावरून मनातलं लिहायला गेलं की असं होतं. डोळस माणूस फोटो बघून स्वतः ठरवू शकतो की बाई उदास आहे की ऊन लागतंय. न दिसणाऱ्याला ती संधी नसते, तो आपलं ऐकलेलं खरंच धरतो. म्हणून दिसतं ते लिहायचं, आणि कळत असलं तरच कारण लिहायचं.

हा फोटोही त्याच मथळ्याखाली होता, 'सामान किती वर न्यायचं?' तिथं मावशींचं वय, लुगड्याचा रंग, भिंतीचा दगड यांतलं काहीच कामाचं नव्हतं. कामाचं होतं ते अंतर. मी लिहिलं: 'भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ. खाली उभ्या बाईनं हात सरळ वर केला तरी बोटं रेघेच्या वीतभर खाली.' अण्णांनी हे ऐकलं आणि काही न बोलता उठले. बोळातल्या भिंतीला पाठ लावली, उजवा हात वर नेला, तळवा भिंतीवर टेकवला आणि विचारलं, "इथून वर एक वीत?" मी म्हटलं, "मावशी तुमच्यापेक्षा बुटक्या आहेत. तुमच्या बोटांपर्यंतच धरा." ते तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माळ्याची फळी पाण्यातच." फुटांचा आकडा त्यांनी चार्टमध्ये ऐकला होता, पण तो पुलाजवळचा आकडा. तो घरात किती उंचीवर येतो हे पुलाच्या फुटांवरून कुणालाच थेट कळत नाही. ते काम या फोटोचं होतं, आणि ते माणसाच्या अंगाच्या मापात सांगितल्यामुळं झालं.

तोच फोटो आम्ही आणखी एका ठिकाणी वापरलाय, स्वयंसेवकांसाठीच्या पानावर, जिथं पूर ओसरल्यावर भिंतीवरची खूण कशी टिकवायची ते सांगितलंय. तिथं आल्ट असा आहे: 'भिंतीवर ऑइलपेंटची आडवी निळी रेघ, तिच्या डोक्यावर वर्ष लिहिलेलं: २०१९.' इथं मावशी नाहीतच. त्या फोटोत आहेत, पण तिथं त्यांचं काम नाही. इथं रंग आणि पेंट आलाय, कारण खडू नको, पावसात जातो, हेच सांगायचं आहे. एकाच फाइलला दोन आल्ट हे कित्येकांना चुकीचं वाटतं. मला तेच बरोबर वाटतं.

मुख्य पानाच्या अगदी वर नदीचा एक आडवा फोटो पट्टीसारखा आहे. त्याचा आल्ट मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. तो शोभेचाच आहे. आधी चुकून रिकामा ठेवणं आणि आता ठरवून रिकामा ठेवणं, कोडमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. पण चार्टच्या बाबतीत ती चूक होती, पट्टीच्या बाबतीत नाही. पट्टीला मी 'कृष्णेचं विहंगम दृश्य' असं लिहिलं असतं तर अण्णांना प्रत्येक वेळी पान उघडताना ते ओलांडावं लागलं असतं, 'पाणी वाढतंय का' हे बघायच्या घाईत.

आता ज्या चुकीनं माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली ती. दोन्ही आल्ट मी वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत जाऊन दुरुस्त केले, सेव्ह केलं, अण्णांना फोन केला. त्यांनी पान उघडलं आणि तोच साठ शब्दांचा निळा खांब ऐकवला. मी म्हटलं, पान जुनं उघडलं असेल, पुन्हा उघडा. पुन्हा तेच. कॅश साफ केली, ब्राउझर बदलला. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चित्र पानावर टाकतानाच लायब्ररीतला आल्ट त्या पानात उतरवला जातो, आणि नंतर लायब्ररीत बदललेला मजकूर आधी लावलेल्या चित्राला लागू होत नाही. पान उघडून, चित्रावर क्लिक करून, उजव्या बाजूच्या रकान्यातच बदलावा लागतो. कित्येक साइटवर आल्ट 'दुरुस्त केले' म्हणून नोंद असते आणि पानावर जुनेच बोलत असतात, ते या कारणानं. एका अर्थी हे बरंच आहे, नाहीतर एका फोटोचे दोन आल्ट ठेवताच आले नसते.

त्या संध्याकाळनंतर मी माझ्याच संगणकावर एनव्हीडीए घातलं. त्यात बोललेलं सगळं अक्षरांत दाखवणारी एक खिडकी असते, स्पीच व्ह्यूअर. भरभर आवाज कळत नसला तरी काय बोललं ते वाचता येतं. `G` दाबलं की एका चित्रावरून पुढच्या चित्रावर जाता येतं, आणि रिकाम्या आल्टची चित्रं त्यात येतच नाहीत. म्हणजे पानावर तीन चित्रं दिसतात आणि `G` दोनदाच थांबतं, तर तिसरं चित्र शोभेचंच आहे ना हे तपासायचं. हे मी दर वेळी करतो, दोन मिनिटांचं काम आहे. पण हे तपासणं 'आल्ट आहे का' इतकंच सांगतं. 'पूरपातळीचा आलेख' यातून सहज पास झाला असता. आल्ट चांगला आहे का, ते अण्णांसारख्या कुणाच्या तरी "बरं, मग?"वरूनच कळतं. अण्णा घरी नसले की मी बायकोला स्वयंपाकघरात उभं करून तिला न दाखवता वाचून दाखवतो आणि विचारतो, काय कळलं? तिनं 'कसले तरी खांब' म्हटलं की पुन्हा लिहायला बसतो.

सगळं जुळलं असं वाटल्यावर मिरजेची एक मुलगी भेटली, ती जन्मापासून अंध आहे आणि बँकेच्या परीक्षेची तयारी करते. तिनं पान फोनवर ऐकलं आणि अण्णांना जे नको होतं तेच मागितलं: रंग. मला नवल वाटलं. तिनं कारण सांगितलं. चार्टखालच्या मजकुरात मी लिहिलं होतं, 'लाल रेघ ओलांडली की वरच्या मजल्यावर जा.' आणि आल्टमध्ये लाल रेघ कुठंच नव्हती. "मग लाल रेघ म्हणजे इशाऱ्याची की धोक्याची, हे मी कुठून शोधू?" तिची तक्रार रास्त होती, पण मी आल्टमध्ये रंग घातला नाही. खालचं वाक्यच बदललं: 'धोका पातळी, म्हणजे ४५ फूट, ओलांडली की वरच्या मजल्यावर जा.' रंग ओळखायला अडचण असणाऱ्या डोळस लोकांचंही त्यात काम झालं. तिनं पुन्हा ऐकलं आणि म्हणाली, आता रंग नसला तरी चालेल. 'बार चार्ट' हा शब्द मात्र काढू नका म्हणाली. अण्णांना तो शब्द फालतू वाटतो. तिला परीक्षेत डोळस मुलांबरोबर चार्टवरचे प्रश्न सोडवायचे असतात, म्हणून कुठल्या माहितीला कुठला चार्ट शोभतो हे तिला कळायला हवं असतं. तो शब्द राहिला. दोन शब्दांची किंमत अण्णा मोजतात, कुरकुरत.

यंदा एकानं सुचवलंय की पुराच्या दिवसांत तासातासाची पातळी दाखवणारा रेघांचा आलेखही लावूया. त्याचा आल्ट मी अजून लिहिलेला नाही. त्यात शेकडो बिंदू असतील, सगळ्यांचा तक्ता ऐकायला कुणालाच सवड नाही. आकडे उतरवून घेता येतील अशी फाइल खाली द्यावी लागेल, आणि आल्टमध्ये तीनच गोष्टी: धोका पातळी कधी ओलांडली, पाणी सर्वांत वर कधी गेलं, आणि पुन्हा ४५ च्या खाली यायला किती दिवस लागले. अण्णांना विचारलं तर म्हणाले, चौथी एक घाल: रात्रीत किती चढलं. "दिवसा माणसं ओरडून सांगतात. रात्री कोण सांगतंय?"